पासाचा हिशेब



नोकरी पुण्यात लागली, घर ते ऑफिस बारा किलोमीटर, तेव्हा पीएमपीचा पास काढावा, रोज तिकीट काढावं की स्कूटर घ्यावी, असं तू विचारलंस. पास स्वस्तच असणार, हे तू गृहीत धरलेलं दिसतं. तिथेच थांबून आकडे मांड. जून २०२५च्या दरवाढीपासून मासिक पास १,५०० रुपयांना, दिवसाचा पास ७० रुपयांना आणि दहा ते पंधरा किलोमीटरचं तिकीट ३० रुपयांना आहे. थेट बस मिळत असेल तर जाऊन-येऊन ६० रुपये, महिन्याचे कामाचे बावीस दिवस धरले तर १,३२० रुपये. म्हणजे पास घेऊन तू १८० रुपये जास्तच देशील. पण तेच बारा किलोमीटर स्वारगेटला बस बदलून गेलास आणि दोन्ही तुकडे पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्यात पडले, तर प्रत्येकी २० रुपये लागतात. दिवसाचे ८०, महिन्याचे १,७६०. इथे पास उघड फायद्याचा. म्हणून अंतर मोजण्याआधी दिवसातून किती वेळा बसमध्ये चढणार, ते मोज. सणावारांच्या महिन्यात, किंवा घरून काम करायचे दिवस जास्त असतील तर, बस बदलूनही तिकीट किंवा दिवसाचा पास बरा पडतो. पास असला की रविवारीही फिरता येतं, असं म्हणशील. खरं आहे, पण पास नसता तरी ज्या फेरीचे पैसे तू मोजलेच असतेस, तेवढीच फेरी हिशेबात घे. फुकट म्हणून केलेली फेरी बचत नव्हे.

आता स्कूटर. महिन्याला ५२८ किलोमीटर, शहरातल्या गर्दीत लिटरला ४५ आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सुमारे १,२२० रुपये होतात. लोक इथेच हिशेब मिटवतात आणि ‘पासापेक्षा स्वस्त’ म्हणतात. पण ९०,०००ची गाडी पाच वर्षांनी ३०,०००ला गेली, तर महिन्याला १,००० रुपये नुसते झिजले. विमा, ऑइल, टायर, ब्रेक यांचे ५०० धरले तर बेरीज २,७०० च्या पुढे जाते, पार्किंग वेगळंच. हा आक्षेप मात्र मला मान्य आहे: घरात गाडी आधीच उभी असेल तर तिची किंमत आणि विमा तसाही जातोच, तेव्हा पेट्रोल आणि चालवल्याने होणारी झीज एवढंच मोजायचं. मग खर्च पासाच्या आसपास येतो आणि निवड वेळेवर ठरते. बसचा वेळ मोजताना थांब्यावरची वाट आणि शेवटची पायपीट धर. स्कूटरचा मोजताना सिग्नल आणि पार्किंगची शोधाशोध.

सध्या गाडी घेऊ नकोस. पहिले दोन आठवडे तिकीटच काढ, तिकिटं खिशात जमव आणि शनिवारी बेरीज कर. आठवड्याला साडेतीनशेच्या वर गेलास तर पुढच्या महिन्याचा पास काढ.

तुझा मामा