दर की दार? मराठी निरोप कोणत्या लिपीत धाडावा

समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनवाल्याला गिऱ्हाइकाचा निरोप आला, ‘dar pathva’. आता त्याला दर हवा की दार? रोमन लिपीत अ आणि आ, त आणि ट, ल आणि ळ यांतला फरक सहज बुजतो. ‘sath’ हे साठही होते आणि साथही. म्हणून माप, भाव, मुदत व उधारीचा निरोप देवनागरीत द्यावा. संख्या आकड्यांत लिहावी. महापालिकेला मराठी अर्ज किंवा गिऱ्हाइकाला मराठी दरपत्रक देताना तर देवनागरीच शोभते.

साध्या एसएमएसला मात्र जागेची मर्यादा आहे. एका संदेशात रोमन 160 अक्षरे मावतात, देवनागरी 70. काना, वेलांटी, अनुस्वार हे वेगळे मोजले जातात. ‘दार’ तीन जागा घेते. रोमन मजकुरात एकच देवनागरी अक्षर घातले तरी मर्यादा 70 वर येते. पण हा निरोप पाहा:

‘लोखंडी दार तयार. उद्या 11 वाजता न्या. बाकी 4500 रु.’

मोकळ्या जागा धरून हा 51 भरतो, म्हणजे एकाच संदेशात बसतो.

समोरच्याच्या जुन्या फोनवर अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर रोमन लिहावे. तेव्हा दारासाठी ‘daar’ आणि दरासाठी ‘rate’ लिहावे.

बँकेसाठी नाव मात्र खात्यावर आहे तसेच रोमनमध्ये द्यावे. देवनागरीत ‘शेख’ एकच. रोमनमध्ये Shaikh, Sheikh, Shekh असे तीन होतात.