जमेचे सात हजार, कमाई किती?

प्रश्न : दवनीवाड्यात बाबांचं किराणा दुकान आहे. रोजमेळात आज जमेला 7,000 रुपये दिसतात. तेवढी मालमत्ता वाढली का? – अकरावी वाणिज्यची विद्यार्थिनी

उत्तर : नाही. तू पाठवलेल्या पानावर रोख विक्री 2,000, उधारीची वसुली 1,500 आणि काकांकडून उसने 3,500 आहेत. वसुलीने गल्ला वाढला, तेवढंच गिऱ्हाइकाकडचं येणं घटलं. उसन्या पैशाने मालमत्ता वाढली, तेवढंच देणंही. विक्रीत 1,800 चा माल गेला. म्हणजे खरी भर 200 ची! धानावर देतो म्हणणाऱ्यांची उधारी मालमत्ताच, पण दोन हंगाम थकलेली धरू नकोस. आणि गोंदियाहून उधारीवर आलेला माल रोजमेळात दिसतच नाही, कारण रोख हललेली नसते. त्या मालाची बिलं बाबांकडून आजच मागून घे.