डायनंतर महिन्याभराने वाढलेला थायरॉइड

प्रश्न : माझ्या आईचं वय ६४. गळ्यावर बरीच वर्षं गाठी आहेत, पण त्रास काहीच नव्हता. रबाळ्याला आमच्याकडे राहायला आली असताना पोटदुखीसाठी डाय देऊन सीटी स्कॅन केला. पाच आठवड्यांनी छातीत धडधड, हात थरथरणं आणि वजन घटणं सुरू झालं. टीएसएच ०.०१ पेक्षाही कमी आलंय. हे डायमुळे झालं असेल का? शेजारच्यांनी थायरॉइडसाठी समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या सुचवल्या आहेत. त्या देऊ का?

उत्तर : डायमुळे झालं असण्याची शक्यता मोठी आहे. केल्पच्या गोळ्या मात्र अजिबात देऊ नका, कारण त्यांतही आयोडीनच असतं.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. सीटी स्कॅनच्या १०० मिली डायमध्ये साधारण ३० ग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं बहुतेक रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. पण जे थोडं सुटं होतं, तेही रोजच्या गरजेच्या कित्येक पट असतं.

एवढं आयोडीन आलं तर थायरॉइडने भरमसाट हार्मोन बनवायला हवं. निरोगी ग्रंथी नेमकं उलट करते. १९४८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांना उंदरांमध्ये दिसलं, की रक्तातलं आयोडीन एका मर्यादेपलीकडे गेलं की ग्रंथी ते प्रथिनाला जोडायचंच थांबवते आणि नवं हार्मोन बनत नाही. कच्चा माल फाटकापर्यंत साचला म्हणून कारखान्याने यंत्रं बंद करावीत, तसंच हे. याला वुल्फ-चायकॉफ परिणाम म्हणतात. साधारण दोन दिवसांत ग्रंथी आयोडीन आत ओढणारे पंप कमी करते, आतला साठा उतरतो आणि काम पूर्ववत सुरू होतं. म्हणूनच डाय घेतलेल्या बहुतेकांना काही जाणवतही नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत अडचण त्या जुन्या गाठींची आहे. अशा गाठींतल्या काही पेशी मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा हुकूम मानत नाहीत आणि आयोडीन वाढलं तरी थांबत नाहीत. आजवर आयोडीन बेताचं मिळत होतं, म्हणून त्यांचं उत्पादनही बेताचं होतं. डायने भरपूर माल पुरवला आणि हार्मोन वाढलं. हे दुसऱ्या दिवशी होत नाही. दोन ते बारा आठवड्यांत दिसतं. त्यामुळे रुग्णाला स्कॅनची आठवणही राहत नाही आणि धडधडीचं कारण भलतीकडेच शोधलं जातं. डॉक्टरांना डायची तारीख आवर्जून सांगा.

आता टी३, टी४ आणि ईसीजी करून घ्या. या वयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याची भीती असते. ग्रेव्हज हा आजार नाही ना, हे पाहायला थायरॉइड रिसेप्टर अँटिबॉडीची तपासणी आणि डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी पडते. रेडिओआयोडीन स्कॅन सध्या फसवा ठरेल, कारण ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली असताना तो सहा-आठ आठवडे नीट दिसत नाही. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर हे औषध चालत नाही), गरज पडल्यास कार्बिमॅझोल. पण डॉक्टरांनी दिलं तरच. साठा मोठा असल्याने औषधाचा गुण सावकाश येतो. नाडी १२० च्या वर, धाप, ताप किंवा गोंधळल्यासारखं वागणं दिसलं, तर थेट रुग्णालयात न्या.

केल्पबद्दल एक फसगत सांगतो. ग्रेव्हज असलेल्याने जास्त आयोडीन घेतलं, तर पहिले काही दिवस खरंच बरं वाटतं, कारण हार्मोन बनणं आणि सुटणं दोन्ही मंदावतं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हाच गुण साधारण दहा दिवसांपुरता वापरतात. पुढे ग्रंथी त्यातून सुटते आणि आजार जोमाने उसळू शकतो.

याच आयोडीनची दुसरी बाजूही आहे. हाशिमोटो असलेल्या किंवा अर्धी ग्रंथी काढलेल्या लोकांत वुल्फ-चायकॉफचा अडसर सुटतच नाही आणि थायरॉइड मंदावतो, टीएसएच वाढतं. आयोडीन थांबवल्यावर तो बहुधा काही आठवड्यांत सावरतो. गर्भातल्या बाळाची अडसरातून सुटण्याची क्षमता ३६ व्या आठवड्याच्या सुमारास तयार होते, म्हणून गर्भवतींनी केल्प टाळावं. हृदयासाठीच्या अमायोडॅरोनच्या एका २०० मिलिग्रॅम गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. ती गोळी घेणाऱ्यांनी थायरॉइड नियमित तपासावा, पण गोळी स्वतःहून बंद करू नये.

डायला घाबरून गरजेचा स्कॅन टाळू नका. गळ्यावर गाठ, आधीचा थायरॉइड आजार किंवा कमी टीएसएच असेल, तर स्कॅनआधी सांगा, टीएसएच करा आणि साधारण चार व आठ आठवड्यांनी पुन्हा करा. मीठ आयोडीनचंच ठेवा. त्यातलं प्रमाण इतकं कमी असतं, की हा त्रास त्याने सहसा होत नाही.