लॉक-इन, नोटीस आणि अनामत: सही करण्यापूर्वी

प्रश्न: शीव कोळीवाड्यातील खोलीच्या अकरा महिन्यांच्या करारात सहा महिन्यांचा लॉक-इन, एक महिन्याची नोटीस, तीस हजार भाडे आणि एक लाख अनामत आहे. चौथ्या महिन्याअखेर खोली सोडल्यास किती रक्कम परत मिळेल?

उत्तर: मुंबईत असा करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे केवळ वापराची परवानगी देणारा असतो. लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो काळ; उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागेल असे कलमात असल्यास मालक दोन महिन्यांचे साठ हजार अनामतीतून वळते करू पाहील आणि हाती चाळीस हजारच उरतील. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते. परंतु अनामत मालकाकडे असल्याने वाद घालण्याचा भार राहणाऱ्यावरच पडतो.

म्हणून लॉक-इन दोन्ही पक्षांना बांधतो की एकालाच, आणि नोटीस त्याच्या शेवटच्या महिन्यात देता येते की तो संपल्यावरच, हे शब्दांत असावे. दुसऱ्या अर्थाने सहाचे सात महिने होतात. अनामत चावी देतानाच परत मिळेल असे लिहून घ्यावे. ‘रंगकामाचा खर्च वजा जाता’ हे निरुपद्रवी दिसणारे शब्द रक्कम ठरवल्याशिवाय स्वीकारू नयेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी मालकाची जबाबदारी असून, ती नसल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मात्र कलम २४ नुसार मुदतीनंतर खोली न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.