मोगऱ्याच्या एका बाटलीमागचे धडे

१. अल्डिहाइड कधी निव्वळ ओतू नये. हौसेने अत्तरं जुळवायला लागलो तेव्हा मोगऱ्याच्या दहा ग्रॅम मिश्रणात मी 'सी-१२ एमएनए'चे चार-पाच थेंब सरळ बाटलीतून टाकले. जेमतेम एक टक्का! पण मोगरा गायब झाला आणि नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास तेवढा उरला. आता आधी डीपीजीत दहा टक्क्यांचं द्रावण करतो आणि त्यातलं ०.१ ग्रॅम काट्यावर मोजून घालतो. म्हणजे मूळ पदार्थ शेकडा ०.१ इतकाच. एवढ्यानेही दबलेलं फूल एकदम मोकळं होऊन हवेत पसरतं. एर्नेस्त बो यांनी १९२१ साली 'शनेल नं. ५'मध्ये सी-१०, सी-११ आणि सी-१२ सढळ हाताने वापरले खरे, पण तो भार पेलायला खाली जाई आणि गुलाबाचा भरपूर अर्क होता. माझ्याकडे नव्हता.

२. बाटलीवरच्या नावावर भुलू नये. 'अल्डिहाइड सी-१४' पीचच्या वासाचं असतं, आणि ते मुळात अल्डिहाइड नाहीच, लॅक्टोन आहे.

३. मिश्रण केल्या दिवशी निकाल देऊ नये. मोगऱ्यासाठी मिथाइल अँथ्रॅनिलेट लागतं. त्यातला अमाइन गट अल्डिहाइडशी हळूहळू जोडला जातो, पाणी सुटतं आणि 'शिफ बेस' तयार होतो. माझी बाटली काही दिवसांत पिवळी, मग नारिंगी झाली. मला वाटलं, माल खराब निघाला. विक्रेत्याशी भांडायच्या तयारीत होतो. खरं तर सुरुवातीची चमक त्या जोडणीत खर्च होत होती आणि वास गोड, जड होत चालला होता. रुमालावर डाग पडतो तो वेगळाच. आता तीन-चार आठवडे थांबतो, मगच अल्डिहाइड वाढवायचं की नाही ते ठरवतो.

४. मस्कच्या बाबतीत स्वतःच्या नाकावर विसंबू नये. गॅलॅक्सोलाइड मला जवळजवळ येतच नाही. मस्कचे रेणू मोठे असतात, सावकाश उडतात, आणि एखादा ठरावीक मस्क न जाणवणारी माणसं पुष्कळ असतात. हे ठाऊक नसल्यामुळे मी वाढवत वाढवत वीस टक्क्यांवर गेलो. बायको पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "अहो, धुणं वाळत घातलंय का घरात?" तिचं बरोबर होतं, धुण्याच्या पावडरींतही हाच मस्क असतो.

तेव्हापासून गॅलॅक्सोलाइड कमी करून सोबत एथिलीन ब्रासिलेट आणि हॅबनोलाइड घालतो. एक निसटला तरी दुसरा कुणाच्या तरी नाकात भरतो. कागदाची पट्टी रात्रभर ठेवून सकाळी आधी बायकोला देतो, मग स्वतः हुंगतो.