शेजारच्या सहकार्‍याला ‘फोनवर हळू बोला’, हे कसे सांगावे ?

मी वाराणसीत एका कार्यालयात हिशेबाचे काम करतो. शेजारी बसणारे सहकारी भ्रमणभाषवर मोठ्याने बोलत आणि माझी बेरीज चुके. दोघे समोरासमोर बोलत असतांना मात्र एवढे होत नसे. संभाषणाची एकच बाजू ऐकू आली की, मन नकळत दुसरी बाजू जुळवू लागते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापिठातील संशोधकांनीही २०१० मध्ये असेच मांडले होते.

एकदा त्यांचे बोलणे चालू असतांनाच मी ‘हळू’ अशी खूण केली. ते दुखावले आणि दोन दिवस चहालाही आले नाहीत. नंतर आम्ही दोघेच असतांना मी म्हणालो, ‘‘भैया, (येथे एवढ्या हाकेने अर्धे काम होते !) सकाळी ११ ते १ मी रोकडवही जुळवतो. तेव्हा शेजारी बोलणे चालू असले की, माझी बेरीज चुकते. तेवढा वेळ फोन व्हरांड्यात घ्याल का ?’’ ‘तुम्ही ओरडता’, असे म्हणालो नाही.

ते म्हणाले, ‘‘अहो, मला पलीकडचे नीट ऐकूच येत नाही.’’ पाहिले, तर त्यांच्या भ्रमणभाषचा आवाज अल्प होता आणि डोक्यावर पंखा घरघरत होता. आवाज वाढवल्यावर त्यांचे बोलणे आपोआप खाली आले.

गावाकडचा फोन आला की, ते अजूनही विसरतात. तेव्हा मी रोकडवही उचलून दाखवतो आणि ते हसत व्हरांड्यात जातात.