प्लीहेजवळची हद्द

प्रश्न : जुलाबांनी वडिलांचा रक्तदाब फार उतरला, दुसऱ्या दिवशी पोटात डावीकडे कळ येऊन शौचातून रक्त गेले. असे का व्हावे? – एक वाचक, उमरठ

उत्तर : महाधमनीच्या पचनमार्गाकडे जाणाऱ्या तीन शाखांपैकी पहिली जठराला व ग्रहणीच्या पूर्वार्धाला, दुसरी तेथपासून आडव्या बृहदांत्राच्या सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत, आणि तिसरी पुढे गुदाशयाच्या वरच्या भागापर्यंत रक्त पुरवीत असल्यामुळे, प्लीहेजवळच्या वळणावर दोन धमन्यांच्या हद्दी मिळतात, आणि पाटाचे पाणी आटले की शेवटचे शेत जसे आधी सुकते, तसा रक्तदाब उतरताच हाच भाग प्रथम उपाशी पडतो. गुदाशयाला श्रोणीतील धमन्यांचेही रक्त मिळत असल्याने तो बहुधा बचावतो. वडिलांच्या बाबतीत हेच संभवते. निदान मात्र सीटी स्कॅन व दुर्बिणीच्या तपासणीनेच पक्के होते. शिरेतून द्रव व आतड्यास विश्रांती दिल्यास बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. परंतु पोट लाकडासारखे ताठरले, ताप चढला वा वेदना वाढल्या, तर आतडे मृत होत असल्याची शंका घेऊन, महाडला वा त्यापुढे, जेथे शल्यचिकित्सक असेल तेथे रुग्णास तत्काळ हलवावे.